कुट्टूची भाकर

कुट्टूच्या पिठाचा मला राग येतो. असं बोलले की घरातल्या सुना हसतात. पिठाचा कसला राग वो, म्हणतात. हसा बाई, पोटभर हसा. राग पिठाचा नाही हे मलाही ठाऊक आहे, पण ज्याचा आहे त्याच्यावर किती वर्षं काढणार? पीठ बिचारं समोर असतं, उलटून बोलत नाही.

मोहाडीला आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. मी अड्याळकडच्या खेड्यातली, धानवाल्याची पोरगी. माहेरी सकाळी भात, दुपारी भात, रात्री उरलेला भात. सासरी आले तर इथे रोज पोळी. सासूबाईंना त्या पोळीचा भारी तोरा होता. बाजाराच्या दिवशी कुणी नातलग ओट्यावर टेकला की त्या मुद्दाम म्हणायच्या, "आमच्या घरी भातानं नाही भागत बाप्पा, पोळी लागते." सगळ्या मुलखात धान पिकतं, आणि आमच्या घरची इज्जत गव्हात. मी नवी होते, मला ते खरंच मोठेपणाचं वाटायचं.

सासूबाई विधवा, अंगानं काटक, जिभेनं तिखट. उपास मात्र त्यांनी एक सोडला नाही. एकादशा, शिवरात्र, दोन्ही नवरात्रं. मागच्या पडवीत एक लहान जातं पोत्याखाली झाकलेलं असायचं, ते उपासाचं जातं. त्यात गहू, ज्वारी, तांदूळ, डाळ, कशाचा दाणा पडता कामा नये. बाजारातल्या चक्कीचं पीठ त्यांना उपासाला चालत नसे, कारण चक्कीत आधी कुणाचे गहू दळले असतील ते काय सांगावं. घट बसायच्या आधी ते जातं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायचं, मग पहिली मूठ शिंगाडे दळून ते पीठ गाईला घालायचं, आणि त्यानंतरचं आपलं. मी मनात म्हणायची, काय हे थोतांड! तोंडानं मात्र "हो आत्याबाई" म्हणून जातं घासायला बसायची.

त्या जात्यावर मला तिन्ही पिठं शिकवली ती त्यांनीच.

शिंगाडा तळ्याकाठची ढिवरीण मावशी घेऊन यायची. तिच्या घरची माणसं तळ्यात मासोळ्या धरत आणि पाण्यावर शिंगाड्याचे वेल लावत. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास ओला शिंगाडा निघायला लागला की तिची बोटं काट्यांनी काळी पडलेली दिसायची. उकडलेला शिंगाडा ती बाजारात विकायची, पण तो आमच्या घरी उपासाला चालत नसे, दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेला म्हणून. आम्हाला लागायचा तो कच्चाच उन्हात वाळवून सोललेला. त्याच्या पांढऱ्या गोट्या दगडासारख्या कडक. त्या आधी उखळात फोडायच्या, मग जात्यात. गोटी नीट वाळली असली की वर्षभर राहते, डब्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन दाखवायचं, नाहीतर किडा आतून पोखरून नुसता भुसा ठेवतो. पीठ भाजायचं ते मंद विस्तवावर, तुपात, आणि पाणी एकदम ओतायचं नाही. मी पहिल्या वर्षी ओतलं. अशा गाठी झाल्या की सासूबाई म्हणाल्या, "हे लेकराले खेळाले दे, गोट्या चांगल्या आहेत."

राजगिरा दुकानातलाच. तो पाण्यात घोळून खालची रेव काढायची, वाळवायचा, आणि तापलेल्या लोखंडी कढईत चिमूट चिमूट टाकून फडक्याच्या बोळ्यानं फिरवायचा. जास्त टाकला की जळतो, कढई थंड असली की नुसता तापतो आणि फुलत नाही. फुलला की मात्र कढईभर पांढरं पांढरं उडतं. मग चाळून न फुलेल ते खाली पाडायचं. दळायचा असला तर जात्याला घास अगदी लहान द्यायचा, नाहीतर एवढासा दाणा न दळताच बाहेर येतो. त्याचं पीठ गरम पाण्यात मळायचं.

आणि कुट्टू. हा आपल्याकडचा नाहीच. तिकोनी काळा दाणा, कुठल्या तरी पहाडातून यायचा. तहसिलीत बदलून आलेली हिंदी बोलणारी घरं नवरात्रात मागायची, म्हणून आमचे हे नागपूरहून थोडा आणत. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं, पण एका कारकुनाच्या आईनं तो देवीला चालतो अशी शपथेवर खात्री दिली, तेव्हा घरात आला. त्याच्या खोडी दोन. एक म्हणजे पीठ टिकत नाही, महिन्याभरात कडू वास मारतं, म्हणून लागेल तेवढंच दळायचं. दुसरी म्हणजे त्याला चिकटपणा नाही. भाकर थापायला घ्यावी तर कडेनं फाटते, तव्यावर टाकावी तर हातात अर्धी राहते. "याच्यात उकडलेली अरवी कुस्करून घालायची," सासूबाईंनी सांगितलं. अरवी म्हणजे अळूचे कांदे. "अरवी नसली तर बटाटा. अन् मळला की लगेच थापायचा, ठेवला की ढिला पडते."

हे सगळं मी पाठ केलं. एक शब्द विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, निदान तसं म्हणता आलं असतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. गोरी, गुबगुबीत, भरपूर जावळाची. दहाव्या महिन्यात सासूबाईंनी तिच्यासाठी गव्हाचं सत्त्व केलं. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, खाली साका बसू द्यायचा आणि तो वाळवायचा. एवढा खटाटोप म्हातारीनं स्वतःच्या हातानं केला, मला हात लावू दिला नाही. नातीवर जीव होता त्यांचा. दुधात बुडवलेलं बिस्किट, सत्त्वाची खीर, पोळीचा कुस्करा, पोरगी सगळं मटामट खायची.

वर्षाची झाली आणि तिचं पोट बिघडलं. बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून सहा-सहा वेळा पातळ, फेसाळ, असा घाण वास की शेजारीण कुंपणापलीकडून पदर नाकाला लावायची. पोट मडक्यासारखं पुढे, हातपाय काड्या, केस तांबूस. हसरी पोरगी चोवीस तास किरकिरी झाली. कुणी उचललं तरी रडे, खाली ठेवलं तरी रडे. दोन वर्षांची झाली तरी धड उभी राहत नव्हती. येणारी-जाणारी माझ्याकडे पाहायची, जशी काही मी तिला उपाशी ठेवते. खूप राग यायचा. आणि रात्रंदिवस एकच भीती, ही जगते की नाही.

तिचं पोट बघून सासूबाईंनी निदान केलं, "हे भाताचं पोट आहे. माहेरी नेऊन भात चारला ना हिनं." भात बंद. मी माहेरी भात चारला होता हे खरं होतं, त्यामुळे माझं तोंडही बंद. डॉक्टर म्हणाले, पोरगी अशक्त आहे, ताकदीचं द्या. मग आणखी सत्त्व, आणखी बिस्किटं, टोस्ट, गव्हाची लापशी. जंताचं औषध झालं, इंजेक्शनं झाली, अंगारा झाला, गळ्यात ताईत झाला. पोरगी वाळतच गेली.

ती अडीच वर्षांची असताना आश्विनात सासूबाईंनी नवस केला. नऊ दिवस माझ्यासंगं पोरगी उपास धरंल, देवी, तिले उभी कर. मी म्हटलं, "आत्याबाई, अवो ती अशी मरतुकडी, अन् तिले उपास?" त्या म्हणाल्या, "मग का तुझ्या डॉक्टरनं उभी केली?"

नऊ दिवस तिला शिंगाड्याची लापशी, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, भगर, आणि कधी अरवी घातलेली कुट्टूची भाकर. सगळं त्या धुतलेल्या जात्यावरचं. बारक्या पोरीच्या तोंडाला धान्याचा दाणा लागू नये म्हणून म्हातारी राखण बसायची. पाचव्या दिवशी पोरीला दोनदाच झालं. सातव्या दिवशी ती लाह्यांच्या वाटीकडे बोट दाखवून हसली. हसली हो! दीड वर्षानं मी तिचं हसू पाहिलं आणि कढई सोडून पडवीत जाऊन रडले. सासूबाई देवापुढे लोटांगण घालत होत्या. नवव्या दिवशी आळीतल्या बाया तिला बघायला आल्या.

दसऱ्याला पारणं. नवस फळला म्हणून पोरीच्या हातानं नैवेद्य, पुऱ्या आणि गव्हाची खीर. तिनंच आधी खायचं, असा मान. चौथ्या दिवसापासून तिचं पोट पुन्हा वाहायला लागलं.

सासूबाई म्हणाल्या, नवसात काही चुकलं. हे म्हणाले, हवा बदलली. मी काही शहाणी नाही, सातवी शिकलेली बाई, पण दुकानदाराच्या घरात राहून मला एक सवय लागली होती, काय आलं आणि काय गेलं ते मनात धरायची. नऊ दिवस ती बरी होती, नऊ दिवस तिनं उपासाचं खाल्लं होतं. दहाव्या दिवशी उपास सुटला आणि दुखणं आलं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. "अवो बाई, उपासानं का लेकरं धष्टपुष्ट होतात? पोटाले आराम भेटला म्हणून बरं वाटलं. आता ताकदीचं द्या." पुन्हा बिस्किटं.

कार्तिकात नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई तुमसरला गेल्या, त्या होळीपर्यंत तिकडेच राहिल्या. घर माझ्या हाती आलं. मी यांना सरळ सांगितलं, आता पोरीला मी माझ्या मनानं खाऊ घालणार. हे म्हणाले, "कर काय करायचं ते. पण आईले सांगू नको." आमचे हे असेच, आईपुढे मांजर.

ढिवरीण मावशी नवे शिंगाडे घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, दर वर्षीच्या तिप्पट आण. ती हबकली. "काहून वो? लग्न-बिग्न काढून राहिली का उपासात?" मी पोरीचं सांगितलं. तिनं मांडीवर घेऊन पोरीचं पोट चाचपलं, म्हणाली, "आमची लेकरं तर शिंगाड्यावरच वाढतात माय. खाऊ दे तिले. मी आणून देतो." आणि आणले. आपल्या घरच्या वाट्याचे काढून आणले असतील, तिनं बोलून दाखवलं नाही.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले. पोरीला सकाळी शिंगाडा, दुपारी राजगिरा, संध्याकाळी शिंगाडा. जातं मी त्याच रीतीनं राखलं, कारण वेगळी रीत मला येत नव्हती. पौषात पोरगी उभी राहिली. माघात चालली. पोट आत गेलं, मांड्यांना घड्या आल्या, केस काळे आले. राजगिरा फोडायला बसले की कढईजवळ येऊन टाळ्या पिटायची आणि ओरडायची, "उल्ली, उल्ली!" म्हणजे लाही उडली. होळीला सासूबाई आल्या तेव्हा तिनं ओट्यावरून उडी मारून त्यांच्या पायाला मिठी घातली. म्हातारी ओळखायला तयार नव्हती, ही तीच का म्हणून.

मला वाटलं आता महाभारत होणार. मी सगळं कबूल केलं. त्यांनी पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "देवीनं जन्माचा उपासच मागून घेतला असंन. मी पारणं करून घोळ केला." आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः जात्यावर बसल्या. मी काय काय भांडणं मनात तयार ठेवली होती, सगळी वाया गेली. तिखट जिभेची बाई, पण नातीसाठी एका दमात वळली. डॉक्टर नाही वळले, मीच त्यांच्याकडे जाणं सोडलं. म्हणजे पाहा, सगळं जुळून आलं होतं. पोरीच्या वाटेत कुणी म्हणून उभं नव्हतं.

ज्येष्ठात शिंगाडे संपले. मावशीकडे गोटी उरली नव्हती, नवी यायला तीन-चार महिने होते. दुकानातल्या राजगिऱ्याला जाळं लागलं होतं आणि नवा माल मिळेना. यांनी नागपूरहून पोतंभर कुट्टू आणला. दाणा आहे तोवर टिकतो, दळायचा लागेल तसा. सासूबाईंचे सांधे पावसाळा लागला तसे धरले, त्या खाटेवर पडल्या. तिथूनच ओरडायच्या, "अरवी घातली का?" मी म्हणायची, "हो."

पहिले आठ-दहा दिवस घातलीही. मी तेव्हा चार महिन्यांची गरोदर होते. ओलं सरपण, डोळ्यांत धूर. अरवी धुवायची, उकडायची, सोलायची, सोलताना हात खाजतात, कुस्करायची, मग एका एवढ्याशा पोरीसाठी दोन भाकरी. रोज. आणि तिथेच हाताशी परातीत घरच्या पोळ्यांची कणिक मळून ठेवलेली. मऊ, चिकट, तयार. एक दिवस अरवी चुलीवर ठेवायलाच विसरले. कुट्टूची भाकर तव्यावर फाटली, दुसरी फाटली, पोरगी भुकेनं रडत होती. मी कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडला आणि कुट्टूत मळला.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. देवाचा उपास थोडाच आहे, असं मी म्हटलं. एकादशी नाही, नवरात्र नाही. खऱ्या उपासाच्या दिवशी माझा हात कणकेला लागला नसता, लागला असता तर सगळं पीठ मी गाईला घातलं असतं आणि न्हाऊन आले असते. पण हे तर नुसतं पोरीचं जेवण होतं. यात बाटायचं काय? भाकर सुंदर झाली. एकसंध, टम्म. पोरगी दोन्ही खाऊन आणखी मागत होती. मला वाटलं, चला, सोपा उपाय सापडला.

मग रोज तेच. खाटेवरून आवाज यायचा, "अरवी घातली का?" आणि मी म्हणायची, "हो."

महिन्याभरात तिचं पोट पुन्हा सुटलं. मी म्हटलं, कुट्टू गरम असतो, त्याचं असेल. कुट्टू कमी केला आणि भाकर मोडू नये म्हणून कणिक जास्त घातली. श्रावणात ती चालेना. तेव्हा माझा धीर सुटला. मला वाटलं, उपासाचंच तर खाते ही, एक दिवस चुकला नाही, तरी असं. म्हणजे माझं ते सगळं खूळच होतं, डॉक्टर बरोबर होते. मी पदर खोचून, पोरीला कडेवर घेऊन पावसात त्यांच्याकडे गेले आणि चुकलं म्हणाले. त्यांनी मला पुष्कळ बोलून घेतलं. सलाईन लावली, आणि सांगितलं, टोस्ट, बिस्किट, सत्त्व. मी आणलं. मी कालवलं. मी भरवलं.

भाद्रपदात, गणपती बसून गेल्यावर, एका सकाळी ती माझ्या मांडीवर गेली. साडेतीन वर्षांची होती. आदल्या दिवशी तिनं एकच गोष्ट मागितली होती. "उल्ली," म्हणाली, आणि कढईकडे पाहिलं. राजगिरा घरात नव्हता. असता तरी मी दिला नसता, डॉक्टरांनी जड म्हणून मना केलं होतं. मी बिस्किट पुढे केलं, तिनं मान वळवली.

पंधरा दिवसांनी नवरात्र आलं. सासूबाईंनी सांधे दुखत असताना उठून ते जातं धुतलं. एकदा धुतलं, वाळवलं, आणि पुन्हा धुतलं. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "आत्याबाई, झालं आता." त्या म्हणाल्या, "नाही वो. कुठं तरी दाणा राहिला होता याच्यात. माझंच जातं बाटलं होतं, म्हणून देवीनं नेली पोट्टीले." पुढे जगल्या तितकी वर्षं त्या दर नवरात्रात ते जातं तीनदा धुवायच्या. मी पाणी आणून द्यायची. कणकेचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यानं काही फरक पडला असेल हे मला माहीतच नव्हतं, पण उपासाच्या म्हणून दिलेल्या भाकरीत कणिक होती, हे ऐकून म्हातारी तुटली असती. आणि खोटं का बोलू, मला माझी इज्जतही राखायची होती. त्या जात्यावर आळ ठेवूनच गेल्या.

माझी पुढची दोन मुलं नीट वाढली. आळीतल्या बाया म्हणायच्या, देवीनं एक घेतलं, दोन दिले.

मग पुष्कळ वर्षांनी, घरात टीव्ही आला होता त्या सुमाराला, माझ्या धाकट्या जावेचा मुलगा आजारी पडला. तेच मडक्यासारखं पोट, तोच वास. तो वास मला लगेच ओळखू आला. दीर शिकलेला, नोकरीचा माणूस, त्यानं वेळ न घालवता मुलाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जाऊ घाबरलेली, म्हणून मी सोबत गेले. आठ दिवस तपासण्या झाल्या. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून शांतपणे सांगितलं की या मुलाच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू त्याला विष आहे. घराण्यात असतं हे, आणखी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. जाऊ नाही म्हणाली, ती माझी पोरगी गेल्यावर घरात आलेली.

जावेनं विचारलं, "मग खायले काय द्यायचं वो बाई याले?"

"अहो, तुमच्याकडे काय कमी आहे? भात पोटभर द्या. आणि तुमचं उपासाचं सगळं चालतं. शिंगाडा, राजगिरा, कुट्टू. फक्त चक्कीवर दळू नका, तिथे गव्हाचं पीठ असतं. घरी वेगळं जातं असेल तर उत्तम." मग त्यांनी बोट वर केलं. "आणि एक लक्षात ठेवा. थोडासा गहूसुद्धा नाही. चिमूटभर कणिकसुद्धा नाही."

जाऊ देवाचे आभार मानत होती, इतकं सोपं आहे म्हणून. मी खिडकीबाहेर बघत होते. भात, म्हणाल्या. आमच्या सगळ्या मुलखात दुसरं काय होतं? जातं, म्हणाल्या. माझ्या मनात तेव्हा रडू नव्हतं. नुसतं एक पोकळ, मोठं काहीतरी होतं, ते आजही तसंच आहे. त्यावर काही उपाय नाही आणि मी शोधतही नाही.

घरी आलो त्याच दिवशी मी पडवीतलं जातं काढलं, धुतलं, उन्हात ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी पहिली मूठ दळून गाईला घातली. जाऊ उत्साहानं चुलीपुढे बसली. घरात कुट्टू होता, तोच दळला. तिनं पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. भाकर मधोमध फाटली. दुसरी टाकली, तीही फाटली. पोरगा भुकेनं कुरकुरत होता. पलीकडे परातीत घरच्या पोळ्यांची कणिक मळून ठेवलेली होती.

"बाई," जावेनं मला विचारलं, "हे तर तुटूनच राहिलं. काय घालू याच्यात?"

"अरवी," मी म्हणाले. "उकडून घाल. अरवी नसली तर बटाटा."

"तुम्हाले बरं ठाऊक आहे!" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "मले पहिल्यापासून ठाऊक होतं."